आंघोळ होऊन अर्धा तास झाला तरी बाथरूममध्ये पाणी का साचून राहतं? फरशी फोडण्याआधी ही बादलीची परीक्षा करा

सकाळचे साडेसात. गारखेडा परिसरातलं एक रो-हाऊस. घरातल्या तिघांच्या आंघोळी उरकल्या आहेत आणि चौथा माणूस बाथरूमच्या दारात हातात वायपर घेऊन उभा आहे. आत घोट्याला लागेल इतकं पाणी नाही, पण पाऊल टाकलं की 'चप' आवाज येईल एवढं नक्की आहे. साबणाचा फेस तरंगतोय, जाळी गुड-गुड करतेय आणि नळाखालच्या कोपऱ्यातलं पाणी तर दुपारपर्यंत हलत नाही.

हे दृश्य गारखेड्यापुरतं नाही, पण या शहरात त्याला काही जास्तीची कारणं आहेत. छत्रपती संभाजीनगरला जायकवाडीचं पाणी येतं, मात्र ते रोज येत नाही. काही दिवसांआड नळ येतो म्हणून बऱ्याच घरांत आंघोळीला बोअरचं पाणी वापरतात आणि पिण्याचं पाणी ड्रममध्ये भरून ठेवतात. बोअरचं जड पाणी आणि बाथरूममधला ड्रम, दोन्हींचा या साचलेल्या पाण्याशी संबंध आहे. तो पुढे येईलच.

पाणी साचलं की घरात दोन मतं पडतात. एक म्हणतो, "पाइप चोकअप झालाय, प्लंबरला बोलवा." दुसरा म्हणतो, "गवंड्याने स्लोपच दिला नाही, फरशी काढून टाका." गंमत अशी की बऱ्याचदा दोघंही बरोबर असतात. पाणी साचण्याचे दोष दोन, वरून दिसायला दोन्ही सारखेच. आणि एकाचा इलाज दुसऱ्यावर केला की पैसे जातात, पाणी तिथेच राहतं.

मग नेमका दोष कुठला, हे कसं ओळखायचं?

आधी पाणी जातं कुठून ते पाहू

जुन्या वाड्यात मोरी असायची. दगडी फरशी, भिंतीत तळाशी एक भोक आणि पाणी सरळ परसातल्या केळी-अळूच्या वाफ्यात. भोक तुंबलं तर काटकी घालून मोकळं करायचं, विषय संपला.

आताच्या बाथरूममध्ये कोपऱ्यात जाळी असते. जाळीखाली एक वाटीसारखा भाग असतो, त्याला प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. न्हाणीघरातली न्हाणी, तीच ही. या वाटीत कायम थोडं पाणी थांबून राहावं अशीच तिची रचना असते. साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच उंचीचं हे पाणी झाकणासारखं काम करतं. त्यामुळे गटारातला वास आणि झुरळं वर येत नाहीत. ट्रॅपमधून पाणी पाइपात, पाइपातून घराबाहेरच्या चेंबरमध्ये आणि तिथून ड्रेनेज लाइनला जातं.

म्हणजे पाण्याचा प्रवास दोन टप्प्यांत आहे. पहिला टप्पा फरशीवरून जाळीपर्यंत, तिथे काम करतो उतार. गवंडी त्याला ढाळ म्हणतात. दुसरा टप्पा जाळीपासून चेंबरपर्यंत, तिथे लागतो मोकळा रस्ता. पाणी कोणत्या टप्प्यावर अडतंय, एवढंच शोधायचं आहे.

थोडं गणित, पण सोपं

समजा, बाथरूम ७ फूट बाय ४ फूट आहे. म्हणजे साधारण अडीच चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी पसरलं तर त्याची खोली भरते एक मिलिमीटर. हे एक माप लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं होतं.

आता समजा, शॉवरमधून मिनिटाला ८ लिटर पाणी येतंय आणि अर्धवट तुंबलेल्या जाळीतून मिनिटाला ५ लिटरच जातंय. दर मिनिटाला ३ लिटर मागे राहतं. आठ मिनिटांच्या आंघोळीत झाले २४ लिटर. अडीच चौरस मीटरवर ते पसरलं की जवळपास एक सेंटिमीटर पाणी पायाखाली. शॉवर बंद केल्यावर हे २४ लिटर निघून जायला पाच मिनिटं लागतात.

इथे खूण मिळते. जाळी अर्धवट तुंबली असेल तर पाणी उशिरा जातं, पण जातं. जाळीजवळचं पाणी सगळ्यात शेवटी उतरतं.

उतार चुकला असेल तर उलटं होतं. जाळी पूर्ण मोकळी आहे, गुडगुड थांबली आहे, जाळीभोवतीची फरशी उघडी पडली आहे आणि तरीही एका कोपऱ्यात पाणी बसलेलं आहे. ते पाच मिनिटांनी जात नाही की पन्नास मिनिटांनी. जाळीपेक्षा तो कोपराच खाली आहे, मग पाणी चढ चढून जाणार कसं? ते वाळेल तेव्हाच संपेल.

दोन्ही दोष एकत्र असले की खरा घोळ होतो. तुंबलेल्या जाळीमुळे सगळीकडे एक सेंटिमीटर पाणी असतं, त्याखाली उताराचा दोष झाकला जातो. प्लंबर येऊन जाळी मोकळी करतो, मोठं पाणी जातं, पण कोपऱ्यातलं राहतं. मग घरचे म्हणतात, "पैसे घेतले आणि काहीच फरक नाही." फरक पडलेला असतो. दुसरा दोष आता कुठे दिसायला लागलेला असतो.

म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी जाळी आणि ट्रॅप साफ, मग उताराची परीक्षा. उलटा क्रम धरला तर उताराबद्दल काहीच खात्रीने सांगता येत नाही.

पायरी १ : जाळी उघडा

जाळीचे स्क्रू काढा किंवा ती नुसती बसवलेली असेल तर चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने उचला. रबरी हातमोजे घाला. आत बहुतेक ट्रॅपमध्ये एक सुटा कप असतो, तो हाताने वर येतो. त्यात काय सापडेल? केसांचा गुंता, शॅम्पूच्या पुडीचा कापलेला कोपरा, साबणाची चिपटी, कपड्यांचे धागे आणि या सगळ्याला धरून ठेवणारा पांढरट-करडा चिकट थर.

तो थर म्हणजे जड पाण्याची करामत. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. साबण त्यांच्याशी मिळाला की फेस कमी होतो आणि न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला जो पांढरा चिकट पट्टा बसतो, तोच हा. केसांच्या जाळ्यावर हा साका बसत गेला की पाण्याची वाट महिन्या-महिन्याने अरुंद होते. त्यात पाणी जपून वापरायचं म्हणून बाथरूम धुताना एखादाच तांब्या ओतला जातो, त्यामुळे ही घाण पुढे वाहून जायला जोर मिळत नाही.

कप बाहेर काढून घासा. आतला गुंता वाकवलेल्या तारेने ओढून बाहेर काढा, आत ढकलू नका. मग गरम पाणी ओता, पण उकळतं नको. बाथरूमचे पाइप पीव्हीसीचे असतात आणि उकळत्या पाण्याने ते मऊ पडू शकतात. हाताला चटका बसेल इतपत गरम पुरे.

अ‍ॅसिड ओतायचा मोह टाळा. केस त्याने विरघळत नाहीत. टाइलच्या सांध्यांतलं सिमेंट मात्र खाल्लं जातं आणि त्याच सांध्यांतून पाणी खाली मुरायला लागतं. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

पायरी २ : चेंबरचं झाकण उघडा

ट्रॅप साफ केला, तरी पाणी सावकाशच जातंय? मग घराबाहेरचं चेंबर बघा. घरातून कुणाला तरी बादली ओतायला सांगा.

चेंबर रिकामं आहे आणि पाणी थेंब-थेंब येतंय, तर अडथळा ट्रॅप आणि चेंबरच्या मधल्या पाइपात आहे. तिथे प्लंबरची लांब स्प्रिंग चालते आणि ती चेंबरच्या बाजूने घातलेली बरी. चेंबरच तुडुंब भरलेलं असेल तर दोष बाथरूमचा नाहीच, पुढची लाइन तुंबली आहे. अशा वेळी स्वयंपाकघराचं आणि संडासाचं पाणीही सावकाश जात असतं. पावसाळ्यातच त्रास वाढत असेल तर बहुधा हेच कारण.

त्रास कधीपासून आहे, हेही बरंच सांगून जातं. हळूहळू वाढत गेला तर केस आणि साका. घर नवीन आणि पहिल्या दिवसापासून त्रास असेल, तर टाइल बसवताना सिमेंटचा माल आणि ग्राउट ट्रॅपमध्ये पडून तिथेच घट्ट झाल्याचा संशय घ्या. तो गरम पाण्याने निघत नाही. फोडून काढावा लागतो किंवा ट्रॅप बदलावा लागतो.

पायरी ३ : बादलीची परीक्षा

जाळी मोकळी झाली. आता फरशी वायपरने ओढून पूर्ण कोरडी करा. ड्रम, स्टूल, बादल्या बाहेर काढा. ड्रम हलवणं महत्त्वाचं आहे. भरलेला २०० लिटरचा ड्रम पाण्याच्या वाटेतच बसलेला असला तर त्याच्यामागे तळं साचतं आणि दोष उताराच्या माथी येतो. कधी कधी परीक्षा इथेच संपते. ड्रमची जागा बदलली की पाणी जायला लागतं.

आता २० लिटरची बादली दाराच्या बाजूने एकदम ओता. पंधरा मिनिटं थांबा. जिथे पाणी उरलं असेल त्याची कड पेन्सिलने किंवा खडूने आखून घ्या आणि मध्यभागी स्टीलची पट्टी उभी धरून खोली मोजा.

फरशीवर नुसता ओलसर थर आणि थोडे थेंब राहिले असतील तर उतार ठीक आहे. पाण्याचा पातळ पापुद्रा चांगल्या उतारावरही चिकटून राहतो, तासाभरात तो वाळतो. त्यासाठी फरशी फोडणं म्हणजे डासाला तोफ. पण तळहातापेक्षा मोठं, दोन-तीन मिलिमीटर किंवा त्याहून खोल डबकं दर वेळी त्याच जागी उरत असेल तर तिथे फरशी खोल आहे.

पायरी ४ : उतार मोजा

गवंड्याकडे पारदर्शक लेव्हलची नळी असते. तिच्यात पाणी भरलं की दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीवर येतं. या नळीने चारही कोपऱ्यांत आणि जाळीजवळ भिंतीवर एकाच पातळीच्या खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेपासून फरशीपर्यंतचं अंतर मोजायचं. अंतर जितकं जास्त तितकी फरशी खाली.

आपल्या ७ बाय ४ फुटांच्या बाथरूममध्ये समजा अशी मापं आली : दाराजवळ ९०० मिलिमीटर, जाळीजवळ ९१० आणि नळाखालच्या कोपऱ्यात ९१५.

दारापासून समोरच्या कोपऱ्यातल्या जाळीपर्यंत तिरकं अंतर साधारण २.४ मीटर. बाथरूमला सर्वसाधारणपणे ८० ते १०० ला १ असा उतार धरतात. ८० ला १ धरला तर २.४ मीटरला ३० मिलिमीटर उतार हवा, म्हणजे सव्वा इंच. इथे आहे फक्त १०. शिवाय नळाखालचा कोपरा जाळीपेक्षा ५ मिलिमीटर खाली. त्या कोपऱ्यात पाच मिलिमीटर पाणी राहणारच, जाळी कितीही साफ करा.

पण गवंड्याचं चुकतं कुठे?

बहुतेक वेळा चूक फरशी बसवायच्या आधीच झालेली असते. प्लंबर ट्रॅप आधी बसवून जातो, फरशीवाला महिन्याभराने येतो. ट्रॅप थोडा वर बसला असेल तर फरशीवाल्याच्या हातात उतारच उरत नाही. दारातल्या उंबऱ्याची उंची ठरलेली, जाळीची उंची ठरलेली, मधे जेवढा फरक असेल तेवढाच ढाळ. घर बांधत असाल तर म्हणून ट्रॅप बसवतानाच दोरी लावून विचारा, "उंबऱ्यापासून जाळी किती खाली येणार?"

दुसरं कारण मोठ्या टाइलचं. बाथरूमच्या फरशीला चारही बाजूंनी एका बिंदूकडे उतार लागतो. दोन बाय दोन फुटांची टाइल एकाच दिशेला कलते, ती मधे वाकत नाही. म्हणून बाथरूमला एक बाय एक फुटाची किंवा त्याहून लहान टाइल बरी. मोठीच हवी असेल तर ती कोनात कापून बसवावी लागते.

तिसरं कारण खालच्या भरावाचं. तळमजल्यावर मुरूम-मातीचा भराव नीट चोपला नसेल तर तीन-चार वर्षांत तो बसतो आणि फरशी त्याच्याबरोबर खाली जाते. मराठवाड्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, ती पायाखाली राहिली असेल तर हालचाल आणखी वाढते. सुरुवातीला उतार बरोबर होता आणि आता डबकं होतंय, असं असेल तर नाण्याने टाइलवर ठोकून पाहा. ठणठणीत आवाजाऐवजी पोकळ आवाज आला, किंवा भिंत आणि फरशीच्या सांध्यात फट दिसली, तर फरशी खाली बसली आहे.

मग किती फोडायचं?

डबकं दोन-चार टाइलपुरतं असेल आणि बाकी उतार बरोबर असेल, तर तेवढ्याच टाइल काढून खाली माल भरून पुन्हा बसवता येतात. पण वरच्या उदाहरणासारखं, म्हणजे सगळा उतारच १० मिलिमीटरचा असेल, तर तुकड्या-तुकड्याची दुरुस्ती टिकत नाही. एक कोपरा उचलला की पाणी दुसऱ्या कोपऱ्यात जातं.

जुन्या फरशीवर नवी टाइल चिकटवायचा मार्गही आहे. त्यात तोडफोड नाही, पण अट आहे. दाराकडे उंची वाढवायला जागा हवी. उंबरा बुडाला तर पाणी खोलीत येईल. आणि जाळी नव्या फरशीच्या खालीच राहिली पाहिजे. नवी टाइल सगळीकडे सारख्या जाडीने चिकटवली तर जुनाच चुकीचा उतार वर उचलला जातो. दाराकडे माल जाड आणि जाळीकडे पातळ, असं केलं तरच उपयोग.

पूर्ण फरशी काढली तर वॉटरप्रूफिंगचा थरही जातो, हे लक्षात ठेवा. तो नव्याने करून, जाळीचं तोंड बंद करून, निदान २४ ते ४८ तास पाणी भरून ठेवायचं. खालच्या छताला किंवा बाजूच्या भिंतीला ओल आली नाही तरच पुढे टाइल. ही पायरी गाळली की वर्षभरात खालच्या घरातून बोलावणं येतं.

आणखी दोन गोष्टी. काम चालू असताना ट्रॅपच्या तोंडात कापडाचा बोळा घालून ठेवायला सांगा, नाहीतर उतार सुधारताना सिमेंट आत पडून जाळी तुंबेल. आणि मजुरीचा शेवटचा हप्ता देण्याआधी, गवंड्याच्या समोर, तीच २० लिटरची बादली ओता.

एक चूक मात्र करू नका

पाणी लवकर जावं म्हणून काही जण ट्रॅपमधला कप काढून फेकून देतात. पाणी जातं लवकर, पण कपामुळेच पाण्याचं झाकण तयार होत असेल तर ते झाकणही जातं. मग वास, झुरळं आणि त्यापलीकडचंही.

२००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या इमारतींमध्ये सार्सची साथ पसरली आणि ३०० हून जास्त रहिवाशांना लागण झाली. तपासात एक कारण बाथरूमच्या जाळ्यांशी जाऊन पोहोचलं. तिथले लोक बाथरूम पाण्याने धुण्याऐवजी पुसून घेत, त्यामुळे बऱ्याच ट्रॅपमधलं पाणी आटलं होतं. ड्रेनेज पाइपातले दूषित तुषार त्या कोरड्या ट्रॅपमधून, एक्झॉस्ट फॅनच्या ओढीने, घरात आले असा निष्कर्ष निघाला.

म्हणून फरशीवर पाणी नको, पण जाळीखालच्या ट्रॅपमध्ये ते हवंच. उन्हाळ्याच्या सुट्टीत घर बंद करून गावाला गेलात तर परत आल्यावर आधी प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता.

आणि डेंग्यूचं काय? डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. रोज वाळणाऱ्या फरशीवरच्या डबक्यात ते होत नाही. ते होतं बाजूच्या उघड्या ड्रममध्ये. त्यामुळे फरशीचा गवंडी मिळेपर्यंत वायपर चालवा, पण ड्रमवर झाकण आजच ठेवा.